आयसीयूच्या दारावरची सूचना: लिहायची कशी आणि पाळून घ्यायची कशी

आयसीयूची इन्चार्ज म्हणून जबाबदारी आली की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं, "सिस्टर, दारावर एक कडक बोर्ड लावा, गर्दी फार होते." मीही लावला होता. वर लाल अक्षरांत 'प्रवेश सक्त मनाई', खाली अकरा नियम आणि शेवटी 'हुकुमावरून'. तीन महिन्यांत तो बोर्ड नीट वाचताना मी कुणाला पाहिलं नाही. नातेवाईक त्याच्याच खाली उभे राहून बेल वाजवायचे आणि विचारायचे, "भेटायची वेळ काय?"

त्यांचं चुकत नव्हतं. आत वडील व्हेंटिलेटरवर आहेत, तीन रात्री झोप नाही, खिशात औषधांची चिठ्ठी आहे. अशा माणसाच्या डोक्यात अकरा ओळी शिरत नाहीत. त्याला चारच गोष्टी हव्या असतात: कधी भेटू, आत गेल्यावर काय करू, तब्येत कोण सांगणार आणि रात्री काही झालं तर मला कळवणार का. सूचना या चार प्रश्नांची उत्तरं देत असेल तरच ती वाचली जाते. नव्याने हे काम हाती घेणाऱ्या सिस्टरसाठी, आम्ही ते कसं बसवलं ते सांगते.

आधी आतला दिवस कागदावर उतरवा

वेळ ठरवण्याआधी दोन दिवस आपल्याच आयसीयूचं घड्याळ बघा. आमच्याकडे ड्युटी सकाळी 8, दुपारी 2 आणि रात्री 8 वाजता बदलते. त्या अर्ध्या तासात एक सिस्टर दुसरीला प्रत्येक पेशंटची हकीकत देत असते: कोणतं औषध किती वेगाने चालू आहे, लघवी किती झाली, कोणती तपासणी बाकी आहे. इथे कुणी मध्ये बोललं आणि एक ओळ राहून गेली, तर पुढच्या पाळीत डोस चुकू शकतो. म्हणून या वेळांच्या आगेमागे भेट नको. पहाटे स्पंजिंग आणि पाठीची निगा, सकाळी डॉक्टरांचा राउंड, त्यानंतर एक्स-रे, ड्रेसिंग, फिजिओथेरपी. हे सगळं लिहून काढलं तेव्हा दोन मोकळ्या जागा दिसल्या: दुपारी साडेअकरा ते साडेबारा आणि संध्याकाळी एक तास.

आमच्या दहा कॉट आहेत. एका कॉटजवळ एका वेळी एकच माणूस, म्हणजे आत जास्तीत जास्त दहा. दोघांनी आळीपाळीने यायचं म्हटलं तर प्रत्येकाला अर्धा तास मिळतो. दोन कॉटच्या मधल्या जागेतून क्रॅश कार्ट वळवून बघा. तिथे दोन माणसं उभी असतील तर ती वळत नाही. 'एका वेळी एक' हा नियम या मोजमापातून आला आहे आणि नातेवाइकांना तसंच सांगितलं की ते ऐकतात.

कारण लिहा, आणि खरंच असेल तेच लिहा

बहुतेक बोर्डांवर वेळेच्या बंधनाचं कारण 'इन्फेक्शन होऊ नये म्हणून' असं असतं. मी ते काढून टाकलं. ब्राझीलमधल्या 36 आयसीयूंमध्ये याचा मोठा अभ्यास झाला, तो 2019 साली प्रसिद्ध झाला. नातेवाइकांना आधी नीट समजावून दिवसाला 12 तासांपर्यंत थांबू दिलं, तरी आयसीयूतल्या संसर्गात लक्षणीय वाढ आढळली नाही. नातेवाइकांची चिंता मात्र कमी झाली. संसर्ग घड्याळामुळे थांबत नाही, हातांमुळे थांबतो. त्यामुळे वेळेसाठी खरं कारण द्यावं, म्हणजे काम आणि जागा. संसर्गाचं कारण हात धुण्यासाठी राखून ठेवावं. एकच कारण सगळीकडे चिकटवलं की लोकांना ती सबब वाटते. शिवाय त्याच दारातून डॉक्टर, एक्स-रेवाला आणि जेवणाची ट्रॉली हात न धुता जाताना दिसली, की त्या बोर्डाची किंमत तिथेच संपते.

भाषेचा एक साधा साचा मी वापरते. आधी काय करायचं ते, लगेच त्याचं कारण आणि मग आमच्याकडून काय मिळेल ते. 'मोबाइल वापरण्यास सक्त मनाई' याऐवजी 'मोबाइल खिशात ठेवा. हात धुतल्यावर फोनला हात लागला की हात पुन्हा अस्वच्छ होतात. इथल्या कुणाचाही फोटो किंवा व्हिडिओ घेता येणार नाही.' यात 'कृपया' नाही, तरी ते तुसडं वाटत नाही, कारण वाचणाऱ्याला शहाणा माणूस समजून ते लिहिलं आहे. उलट प्रत्येक ओळीत 'कृपया' घातलं की ती विनंती वाटते, आणि विनंती नाकारता येते. मी 'कृपया' एकदाच लिहिते, अगदी वर.

'कोणत्याही परिस्थितीत नाही' हे शब्द फक्त तीन गोष्टींसाठी ठेवा: हात न धुता स्पर्श, आम्हाला न विचारता तोंडात काही देणं आणि मशीनला, नळीला किंवा सलाइनच्या चाकाला हात लावणं. बाकी सगळ्यात थोडी सवलत असू शकते, या तिन्हींत नाही.

हात धुणं: बोर्ड पुरत नाही, उभं राहून दाखवावं लागतं

पहिल्या भेटीच्या वेळी सिस्टरने स्वतः बेसिनजवळ उभं राहायचं. दोन मिनिटं जातात, पण पुढचे दहा दिवस वाचतात.

क्रम असा. चपला-बूट आधी काढायचे, कारण पायाला हात लागतो. आयसीयूत नातेवाइकांसाठी प्लास्टिकचे बूटकव्हर आम्ही बंद केले. त्यांनी संसर्ग कमी होतो असं दिसलेलं नाही, आणि ते चढवताना हात मात्र पायाच्या तळव्यापर्यंत जातात. मग फोन आणि पिशवी बाहेर किंवा खिशात. बाह्या कोपरापर्यंत वर. काचेच्या बांगड्या काढायला सांगू नका. आपल्याकडे आजारी नवऱ्याच्या दारात बायकोला बांगड्या काढायला सांगणं म्हणजे काय, हे सांगायला नको. "ताई, बांगड्या जरा वर सरकवा" एवढं पुरतं. आणि त्यानंतर हात.

हात स्वच्छ दिसत असतील तर हँडरब. तळवा खोलगट करून तो भरेल इतका घ्यायचा आणि 20 ते 30 सेकंद चोळायचा. तळवे, मग हातांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, बोटांचे मागचे पेर, दोन्ही अंगठे आणि शेवटी बोटांची टोकं दुसऱ्या तळव्यावर. लोक नेमके अंगठे आणि टोकं विसरतात, आणि पेशंटच्या गालाला तीच लागतात. 20 सेकंदांच्या आत हात कोरडे झाले तर समजावं की घेतलेला हँडरब कमी पडला. ओल्या हातावर घेतला तर तो पातळ होतो. चोळून झाल्यावर पदराला किंवा पँटला पुसायचा नाही, आपोआप वाळू द्यायचा.

साबण-पाणी कधी? हातावर काही दिसत असेल, चिकट लागत असेल किंवा संडास-लघवीला जाऊन आला असाल तेव्हा. खेड्यातून आलेल्या माणसाने बाहेर बसल्या बसल्या तंबाखू मळलेली असते, म्हातारीच्या बोटाला मिश्री असते, तेल लावलेलं असतं. त्यावर हँडरब चोळून उपयोग नाही. ओलं करण्यापासून पुसण्यापर्यंत 40 ते 60 सेकंद, आणि पुसायला कागदी टॉवेल. बेसिनवर टांगलेला नॅपकिन पहिल्याच दिवशी काढून टाका. सकाळपासून तीस माणसांनी पुसलेला तो ओला कपडा धुतलेल्या हाताला पुन्हा मळवतो. ज्या पेशंटला सी. डिफिसिलचे जुलाब आहेत त्याच्या कॉटवर आम्ही वेगळी पाटी लावतो: 'इथे फक्त साबण-पाणी'. त्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, ते धुवूनच काढावे लागतात.

बाहेर पडतानाही हात धुवायचे. हे सांगताना "घरी लहान मुलं असतील ना?" असं विचारते. लगेच पटतं.

नातेवाइकांना ग्लोव्हज देऊ नका. ग्लोव्हज घातला की माणसाला वाटतं आपण स्वच्छ आहोत, आणि त्याच हाताने तो कॉटची कड, स्वतःचं नाक आणि पेशंटचा हात, सगळ्याला हात लावतो. आणि सूचनेत एक ओळ जरूर घाला: 'आमच्यापैकी कुणी हात धुवायला विसरलं तर आठवण करून द्या, राग येणार नाही.' डॉक्टरांना ती ओळ आधी आवडली नव्हती. पण एका मावशींनी राउंडच्या वेळी सरांना "साहेब, हात?" असं विचारलं आणि सर निमूट मागे फिरून बेसिनकडे गेले. त्या दिवसापासून बोर्ड खरा झाला.

नारळपाणी, अंगारा

सगळ्यात जास्त वाद इथे होतात, आणि त्यामागे माया असते. मुलगा नारळपाणी घेऊन येतो. "अशक्तपणा आलाय, दोन घोट तरी." नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी काम करत नसेल तर तेवढ्यानेही रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचा ठोका बिघडू शकतो. जो पेशंट नीट गिळू शकत नाही त्याच्या तोंडात चमचाभर पाणी घातलं तरी ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. नाकातून राइल्स ट्यूब आहे म्हणजे त्याला गिळता येत नाही, किंवा आम्हाला अजून खात्री नाही. हे असंच, याच शब्दांत सांगायचं. 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत' या ओळीने कुणाला काहीच कळत नाही.

अंगाऱ्याला मी कधी नाही म्हटलं नाही. पुडी बंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशापाशी ठेवतो. कपाळाला लावायचाच असेल तर सिस्टरला सांगून, चिमूटभर, मानेतल्या लाइनपासून लांब. तीर्थ तोंडात नाही, उशाशी. मनगटाला गंडा बांधू नये, कारण हात सुजला की तो रुततो. तो कॉटच्या दांडीला बांधतो. अगरबत्ती आणि दिवा मात्र नाहीच, आत ऑक्सिजन चालू असतो. श्रद्धेला जागा मिळाली की माणूस लपवून काही करत नाही, आणि लपवून केलेलं आम्हाला सगळ्यात महाग पडतं.

रडायचं नाही, असं मी लिहीत नाही. 'मोठ्याने रडू आलं तर बाहेर बसायला जागा आहे, सिस्टर सोबत येतील' असं लिहिते. आणि पेशंट बेशुद्ध असला तरी त्याच्याशी नाव घेऊन, नेहमीच्या आवाजात बोला, आज वार कोणता ते सांगा, असंही लिहिते. त्याचा चष्मा आणि श्रवणयंत्र घरी असेल तर आणून द्या. आयसीयूत दिवस-रात्र कळेनाशी होते, माणसं भ्रमिष्टासारखी वागू लागतात. तिथे ओळखीचा आवाज कामाला येतो.

सूचना

मोठा टाइप, मराठी आणि शेजारी हिंदी. दाराच्या बाजूला, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. हीच सूचना ॲडमिशनच्या वेळी वाचून दाखवायची आणि एक प्रत हातात द्यायची, कारण वाचता येत नाही हे माणूस स्वतःहून सांगत नाही.

> अतिदक्षता विभाग
>
> तुमचा माणूस आमच्या देखरेखीखाली आहे. चोवीस तास एक सिस्टर त्याच्याजवळ असते. कृपया पुढच्या गोष्टी सांभाळा.
>
> भेट: दुपारी 11:30 ते 12:30, संध्याकाळी 5:30 ते 6:30. दिवसाला दोघे, एका वेळी एक. मधल्या वेळात आत उपचार चालतात आणि कॉटजवळची जागा आम्हाला लागते.
>
> हात: आत येताना आणि बाहेर जाताना धुवा. हात न धुता पेशंटला स्पर्श करता येणार नाही. आम्ही विसरलो तर आम्हालाही सांगा, राग येणार नाही.
>
> तोंडात काही देऊ नका, पाणीसुद्धा. ठसका लागून जिवावर बेतू शकतं. काही द्यावंसं वाटलं तर सिस्टरला विचारा.
>
> मशीन, नळ्या, सलाइन यांना हात लावू नका. अलार्म वाजला तर घाबरू नका, आम्ही बघतो.
>
> मोबाइल खिशात. फोटो-व्हिडिओ घेता येणार नाहीत.
>
> तब्येतीची माहिती डॉक्टर रोज दुपारी 12:30 वाजता देतील. घरातल्या एका माणसाचं नाव आणि नंबर आमच्याकडे द्या. तब्येत बिघडली तर कितीही वाजता आम्ही त्यांना फोन करू.
>
> सर्दी, ताप, जुलाब असतील तर बरे झाल्यावर या. लहान मुलांना आणायचं असेल तर आधी आमच्याशी बोला.
>
> हे नियम सर्वांना सारखे आहेत.

मारहाण-तोडफोडीच्या कायद्याची ओळ मी या दारावर ठेवत नाही. डॉक्टर-नर्सवर हल्ला किंवा हॉस्पिटलची तोडफोड झाली, तर महाराष्ट्राच्या 2010 च्या कायद्याने 3 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई होऊ शकते. गुन्हा अजामीनपात्र आहे. तो फलक मुख्य प्रवेशद्वाराशी हवा, स्पष्ट हवा. पण ज्याची आई आत आहे त्याला पहिल्याच नजरेत कैदेची धमकी दिसू नये.

'सर्वांना सारखे' ही ओळ लिहिली तर ती पाळायची तयारी हवी. सुपरिंटेंडंट सरांकडून आधीच सही करून घ्या की ओळखीने, फोनवरून किंवा स्टाफचा नातेवाईक म्हणून सवलत नाही. सवलतीची कारणंही आधीच लिहून ठेवा. आमच्याकडे चार आहेत: तब्येत गंभीर होणं, ऑपरेशनला नेण्याआधीची भेट, घाबरलेल्या पेशंटला घरच्यांची गरज असणं आणि लांबून आलेलं एखादं जवळचं माणूस, जे उद्यापर्यंत थांबू शकत नाही. प्रत्येक सवलत रजिस्टरला कारणासह लिहायची.

सव्वासात वाजता आलेली जीप

न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर असलेले एक आजोबा, तिसरा दिवस. संध्याकाळी सव्वासातला गावाकडून जीप आली, चौदा माणसं. पुतण्या बेलवर बोट ठेवूनच उभा. "ऐंशी किलोमीटरवरून आलोय, बघितल्याशिवाय जाणार नाही."

सिक्युरिटीला पुढे केलं नाही, मीच दाराबाहेर गेले. दारात बोलायचं नाही, दोन पावलं बाहेर यायचं. दार उघडं ठेवून बोललं की प्रत्येकाची नजर आत असते, शब्द कानात जात नाहीत. म्हटलं, "दादा, तुम्ही आजोबांचे कोण?" त्याने सांगितलं. "बसा सगळे. डॉक्टरांना बोलावते, तब्येत सगळ्यांसमोर सांगतील. मोठे चिरंजीव कुठे आहेत?" माहितीसाठी त्यांचंच नाव आमच्याकडे होतं, म्हणून त्यांना पुढे बसवलं. डॉक्टर पाच मिनिटं बोलले: ऑक्सिजन कालपेक्षा कमी लागतोय, ताप आहे, धोका टळलेला नाही. ऐंशी किलोमीटर येऊन माणसाला हे ऐकायचं असतं. निम्मा आवाज तिथेच खाली आला.

मग भेटीचं. "आत्ता आत सक्शन आणि फीड चालू आहे, आठला ड्युटी बदलते. सगळ्यांना सोडता येणार नाही. आज रात्री परत जाणारं, सगळ्यात जवळचं कोण?" सगळ्यांनी एका म्हातारीकडे बघितलं. आजोबांची थोरली बहीण. फीड संपल्यावर तिला पाच मिनिटं दिली. बोटाला मिश्री होती, साबणाने धुवून घेतली, अंगठे मी स्वतः चोळून दिले. तिने कानाशी जाऊन "आबा" म्हटलं. आजोबांची भुवई हलली, मॉनिटरवरचे ठोके थोडे वाढले. "ऐकलं का त्यानं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आवाज पोचला असावा, मावशी."

पुतण्या काचेतून व्हिडिओ घेत होता. पहिल्यांदा सांगितलं, "दादा, फोन खिशात ठेवा." ठेवला नाही. दुसऱ्यांदा कारण सांगितलं: "आजोबा शुद्धीवर असते तर तोंडात नळी असलेला स्वतःचा व्हिडिओ त्यांना गावाच्या ग्रुपवर चालला असता का? आणि शेजारच्या कॉटवर एक ताई आहेत, त्याही दिसतायत." तिसऱ्या वेळेची गरज पडली नाही. पडली असती तर सिक्युरिटीला बोलावून त्याला तळमजल्यावर पाठवलं असतं, घटना लिहून ठेवली असती आणि मेडिकल ऑफिसरला कळवलं असतं. आधी सांगणं, मग कारण, मग कारवाई. प्रत्येक सिस्टरचा क्रम हाच हवा. एक जण हसून सोडते आणि दुसरी ओरडते, असं झालं की नातेवाईक सिस्टर बघून नियम ठरवतात.

रजिस्टरला लिहिलं: 7:40, बहीण, लांबून, पाच मिनिटं.

त्या रजिस्टरची पानं महिनाअखेरीला वाचत जा. आमची संध्याकाळची भेट आधी साडेचार ते साडेपाच होती. एका महिन्यात 'लांबून आले, वेळ संपली' हे कारण नऊ वेळा निघालं. चौकशी केली तेव्हा कळलं की तालुक्याहून येणारी एसटी पाच-दहाला पोचते, आणि स्टँडवरून इथवर चालत वीस मिनिटं लागतात. पुढच्या महिन्यापासून वेळ साडेपाच ते साडेसहा केली आणि बोर्डावरची ती एक ओळ बदलली.